दाराच्या चौकटीवरच्या रेघा

आमच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारलेल्या आहेत. दर वाढदिवसाला मुलांना पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची आणि रेघ मारून तारीख लिहायची, असा आमचा रिवाज. लेकीची बाराव्या वर्षाची रेघ 147 सेंटीमीटरला होती, तेराव्याची 151.5 ला. चौदाव्या वाढदिवसाला रेघ मारली आणि ती आधीच्या रेघेला जवळजवळ चिकटली. 152. वर्षभरात अर्धा सेंटीमीटर.

मी शिवणकाम करते. साताऱ्यात घरीच, वीस वर्षं झाली. त्यामुळे दुसरी एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. उंची वाढली नव्हती, पण त्याच वर्षात लेकीच्या शाळेच्या कुर्त्याच्या बाह्या दोनदा सोडाव्या लागल्या होत्या. हात लांब होत होते, सलवारही आखूड होत होती, आणि डोकं मात्र तिथंच. मी मनाशी म्हटलं, मुलींची उंची पाळी आल्यावर थांबतेच. तिला पाळी येऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

खरं कळलं ते दिवाळीच्या ड्रेसच्या ट्रायलला. कुर्ता अंगात घातला तर डावीकडचा घेर खाली आणि उजवीकडचा दीड बोट वर. मी कापड दोनदा उसवलं. कापताना चूक झाली असेल म्हणून पुन्हा मापलं, दोन्ही बाजू तंतोतंत. मग तिला पाठमोरी उभी केली. उजवा खांदा वर, उजव्या फऱ्याचं हाड कापडातून पुढे आलेलं, आणि डाव्या बाजूला कंबर जास्त आत गेलेली. "बाळा, वाक बघू जरा, पायाचे अंगठे धर." ती वाकली आणि उजव्या बाजूच्या बरगड्या टेकाडासारख्या वर आल्या. डावी बाजू सपाट. मी हातातली टाचणी तशीच धरून उभी राहिले.

वर्षभरापूर्वी एका डॉक्टरांना तिची पाठ दुखते म्हणून दाखवलं होतं. ते म्हणाले, मोबाइल बघत पोक काढून बसते, सरळ बसायला सांगा. त्यांनी तिला वाकायला सांगितलं नाही. हे लिहिताना अजून मनाला लागतं. कणा 25 ते 40 अंशांपर्यंत वाकलेला असताना आणि मुलीची वाढ अजून बाकी असताना अंगावर ब्रेस, म्हणजे पाठीला धरून ठेवणारा कडक पट्टा, घालून वाक वाढण्यापासून बहुतेकदा रोखता येतो. ते वर्ष आमच्या हातून गेलं.

पुण्यात कण्याच्या सर्जनकडे गेलो तेव्हा उभ्याने पूर्ण पाठीचा एक्स-रे काढला. त्यात कणा इंग्रजी एस अक्षरासारखा दिसत होता. वरचा मोठा बाक उजवीकडे, खालचा लहान डावीकडे. सर्जननी पडद्यावर बाकाच्या वरच्या टोकाचा सगळ्यात कललेला मणका धरून एक रेघ ओढली, खालच्या टोकाच्या कललेल्या मणक्यावर दुसरी, आणि दोन्ही रेघांमधला कोन मोजला. ह्यालाच कॉब अँगल म्हणतात. वरचा 62 अंश, खालचा 38. मोजणाऱ्याच्या हातानुसार चार-पाच अंशांचा फरक पडतो, हेही त्यांनी सांगितलं, म्हणजे पुढच्या एक्स-रेत 60 किंवा 65 दिसले तर घाबरायचं नाही. आजाराचं नाव स्कोलिओसिस. मुलीत ह्या वयात होणाऱ्या प्रकाराचं नेमकं कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकून बसल्याने तो होत नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, आणि मला ते ऐकायचंच होतं.

मग मी चौकटीवरच्या रेघांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ताई, हिची उंची वाढलीय. ती बाकात गेलीय."

हे मला लगेच समजलं, कारण मुंढा कापणाऱ्या बाईला ते समजणारच. ब्लाउजच्या मुंढ्याचा गोलवा टेपने कडेकडेने मापला तर एक माप येतं, आणि त्याच दोन टोकांमध्ये टेप सरळ ताणला तर त्याहून कमी. कापड तेवढंच असतं. उंची मापताना आपण टाचेपासून डोक्यापर्यंत टेप सरळ ताणतो. कणा आतून गोलव्यासारखा गेलेला असेल तर त्याची लांबी मापात येतच नाही. शिवाय स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला वाकत नाही, मणके स्वतःभोवती पिळले जातात. बरगड्यांचं टेकाड त्या पिळातून येतं.

किती उंची अशी लपलेली आहे, ह्याचा अंदाज काढायचं ब्यूर यांचं एक जुनं सूत्र आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने वहीत लिहून दाखवलं:

log y = 0.011x − 0.177

इथे x म्हणजे कॉब अँगल आणि y म्हणजे हरवलेली उंची सेंटीमीटरमध्ये. लेकीचे 62 अंश घातले की 0.682 मधून 0.177 वजा, उरतात 0.505, आणि त्यावरून y येतो साधारण 3.2 सेंटीमीटर. मग त्याने 30, 60 आणि 90 अंश घालून पाहिलं. 30 ला जेमतेम 1.4, 60 ला 3, आणि 90 ला साडेसहा. 30 चे 90 झाले, म्हणजे कोन तिप्पट झाला, तर हरवलेली उंची साडेचारपट होते. म्हणून लहान बाक कुणाच्या लक्षात येत नाही आणि मोठा झाला की वर्षभरात उंची थांबल्यासारखी वाटते. आमच्या रेघा तशाच थांबल्या होत्या.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांमध्ये एक तपासणी फुप्फुसांची होती. तिथल्या मुलीने लेकीची उंची घेतली, मग तिला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला सांगितले आणि मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मापलं. 158.5. यंत्रात उंचीच्या जागी तिने तो आकडा टाकला. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, फुप्फुसं किती मोठी असायला हवीत हे उंचीवरून ठरतं. वाकलेल्या कण्याची उंची घातली तर यंत्र लहान मुलीची फुप्फुसं धरून बसेल आणि निकाल उगाच चांगला दाखवेल. तिने दोन्ही घालून दाखवलं. मोजलेल्या उंचीवर 78 टक्के, हातांच्या पल्ल्यावर 70 टक्के. मोठ्या बाकाच्या मुलांच्या पालकांनी रिपोर्टवर उंचीच्या रकान्यात कोणता आकडा आहे ते जरूर बघावं. मात्र पल्ला आणि उंची ह्यांतला सगळा फरक म्हणजे हरवलेली उंची, असं धरायचं नाही. सरळ पाठीच्या बऱ्याच माणसांचेही हात उंचीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर लांब असतात. आमचा सव्वासहाचा फरक तसाच मिळूनमिसळून होता.

ऑपरेशनचं स्वरूप असं. पाठीवर मधोमध चीर, मणक्यांमध्ये दोन्ही बाजूंनी स्क्रू, त्या स्क्रूंमधून वरपासून खालपर्यंत दोन रॉड. रॉडवर स्क्रू ओढून आणि फिरवून कणा शक्य तेवढा सरळ करतात, पीळ काढतात. मग मणक्यांच्या मागची हाडं खरवडून त्यावर हाडाचे तुकडे पसरतात, म्हणजे पुढच्या सहा महिने ते वर्षभरात तेवढा भाग एकच हाड होतो. लेकीचे छातीचे चौथ्यापासून कंबरेच्या पहिल्यापर्यंत दहा मणके जोडायचे होते.

इथे मला एक शंका आली आणि मी विचारली. दहा मणके एक झाले तर ते पुढे वाढणार कसे? सर्जन म्हणाले, नाही वाढणार. त्यांचा ढोबळ हिशेब असा होता की दोन मणक्यांच्या जोडाची वाढ वर्षाला साधारण 0.07 सेंटीमीटर धरायची. दहा मणक्यांमध्ये नऊ जोड, आणि लेकीची वाढ जास्तीत जास्त वर्षभर बाकी. नऊ गुणिले 0.07, म्हणजे 0.63 सेंटीमीटर. ऑपरेशनने मिळणाऱ्या उंचीपुढे हे थोडं. पण तीच मुलगी नऊ वर्षांची असती तर हा हिशेब पाचपटीने वाढला असता, शिवाय छातीची वाढही अडली असती. म्हणून लहान मुलांचे मणके लगेच जोडत नाहीत. त्यांच्यासाठी मधूनमधून लांब करता येणारे रॉड असतात.

"मग किती सरळ होईल?" ह्यांनी विचारलं. ह्यांच्या मनात होतं, पूर्ण. सर्जननी सांगितलं, पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरत नाहीत. कण्याच्या आत मज्जारज्जू असतो, तो वाकड्या कण्याच्या लांबीला सवयीचा झालेला असतो. कणा एकदम ताणला तर रज्जूही ताणला जातो, त्याला रक्त कमी पडतं, आणि पाय लुळे पडू शकतात. ते टाळायला ऑपरेशनभर डोक्यापासून पायांपर्यंत विजेचे बारीक संकेत पाठवून रज्जूचं काम तपासत राहतात.

ऑपरेशन सहा तास चाललं. सकाळी साडेआठला नेलं, दुपारी अडीचनंतर सर्जन बाहेर आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी आधी सांगितलं, पाय हलवतेय. मग काय झालं ते सांगितलं. दुसरा रॉड बसवून बाक ओढत असताना डाव्या पायाचा संकेत निम्म्याहून खाली आला. त्यांनी लगेच ताण सैल केला, भूलतज्ज्ञांनी रक्तदाब वर नेला, आणि सगळे थांबले. वीस मिनिटांनी संकेत पूर्वीच्या जागी आला. त्यानंतर जरा कमी ओढून तिथेच घट्ट केलं. 62 चा कोन 22 वर थांबला, खालचा 38 चा 16 वर. "आणखी आठ अंश मिळाले असते. ते मी सोडले." मी त्यांचे हात धरले.

उंचीच्या हिशेबात ते आठ अंश किती, हे भाच्याने नंतर काढलं. कोन 14 आला असता तर त्या सूत्राने फार तर पाव सेंटीमीटर वाढलं असतं. बाकातला पहिला मोठा भाग सरळ होतो तेव्हाच उंची परत येते, शेवटचे अंश उंचीला जवळजवळ काही देत नाहीत. ऑपरेशनला जाणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं, कारण नंतरच्या एक्स-रेत उरलेला बाक बघून मन खट्टू होतं. आमचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळवून बसवलं, तिसऱ्या दिवशी दोघींनी धरून उभं केलं. तिचं पहिलं वाक्य, "आई, खिडकी खाली गेली." तिला चक्कर येत होती आणि सगळी खोली वेगळ्या उंचीवरून दिसत होती. काही दिवस ती चालताना दाराखाली उगाचच डोकं वाकवायची. मेंदूला नवं शरीर कळायला वेळ लागतो, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या. तिला आपण डावीकडे झुकलोय असं वाटायचं. आरशासमोर उभी केली की पटायचं, आरसा सोडला की परत तेच.

सहाव्या दिवशी घरी आलो. आठव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या.

हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण आम्हाला कुणी आधी सांगितला नव्हता. आधी वाटलं, दुखण्याच्या गोळ्यांनी मळमळतंय. फोनवरही तेच उत्तर मिळालं. पण गोळ्या थांबवूनही उलट्या थांबेनात. जेवली की अर्ध्या तासात पोट फुगायचं आणि उलटी हिरवट पडायची, पित्तासारखी. एक गोष्ट मला दिसली. पाठीवर झोपली की जास्त त्रास, डाव्या कुशीवर वळली की जरा बरं. मुळात ती 37 किलोची, त्यातून तीन दिवसांत आणखी दोन किलो गेली. आम्ही रात्री गाडी करून पुण्याला गेलो.

सीटी स्कॅनमध्ये दिसलं की जठरापुढच्या आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, दाबला गेलाय. हे आतडं पोटातल्या मोठ्या रोहिणीच्या पुढून आणि तिच्यातून फुटणाऱ्या आतड्याच्या रोहिणीच्या मागून जातं, म्हणजे दोन रक्तवाहिन्यांच्या बेचक्यातून. कणा एका दिवसात सरळ आणि लांब झाला, तशी ती पुढची रोहिणी ताणली गेली आणि बेचकं अरुंद झालं. एरवी तिथे चरबीची गादी असते. बारीक मुलीत ती नसतेच. म्हणजे जी उंची मिळाली तिनेच हा त्रास दिला होता. डॉक्टरांनी सांगितलं की हे क्वचित होतं, आणि वजन कमी असलेल्या, मोठा बाक सरळ केलेल्या मुलांमध्येच जास्त होतं.

नाकातून नळी घालून आधी पोट रिकामं केलं. मग दुसरी बारीक नळी दाबलेल्या जागेच्या पुढे आतड्यात सोडली आणि तिच्यातून अन्न सुरू केलं. दिवसभर डाव्या कुशीवर. बहुतेकांना एवढ्यावर उतार पडतो, क्वचित पोटाचं ऑपरेशन लागतं. लेकीची नळी घातल्यापासून नवव्या दिवशी काढली. पहिल्यांदा पेज दिली, चार चमचे, आणि आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. पेज आत राहिली. तुमच्या मुलीचं वजन कमी असेल तर ऑपरेशनआधी ते वाढवायला वेळ मागून घ्या. आणि नंतर हिरवी उलटी झाली तर गोळ्यांवर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

उंची मापायला आम्ही सहा आठवडे थांबलो. त्याआधी ती ताठ उभीच राहत नव्हती, दुखऱ्या पाठीला सांभाळत उभी राहायची, आणि असं मापलेलं माप खोटं असतं. वेळही पाळली. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी माणसाच्या उंचीत एक सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त फरक पडतो, कारण दिवसभर मणक्यांमधल्या गाद्या दबतात. ऑपरेशनआधीचं माप संध्याकाळचं आणि नंतरचं सकाळचं घेतलं तर सेंटीमीटरभर उंची फुकटच वाढलेली दिसेल. आमचं आधीचं माप दवाखान्यातलं, सकाळी दहाचं, 152.2. नंतरचंही तिथेच, त्याच उंचीमापीवर, सकाळी दहालाच. 154.9. वाढ 2.7 सेंटीमीटर.

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तेवढीच? मला वाटलं चांगली चार बोटं वाढेल." माझ्याकडे शिवायला येणाऱ्या एकीने तर विचारलं की तिच्या बुटक्या मुलीची उंची अशा ऑपरेशनने वाढेल का. मी दोघींना बसवून मुंढ्याचा गोलवा दाखवला. सरळ कण्यात लपलेलं काही नसतं, तिथे काय परत मिळणार? आणि जे मिळतं त्याचं मोल द्यावं लागतं. लेकीची पाठ आता मधे वाकत नाही. ती खाली पडलेली सुई उचलते ती मांड्यांतून वाकून. चिरेच्या उजवीकडे हातभर जागा अजून बधिर आहे. पहिले सहा महिने दप्तर नाही, वाकणं नाही, पिळणं नाही.

शिवणाऱ्या बाईला मात्र आकड्यांपेक्षा मापांची वही जास्त सांगते. माझ्या वहीत लेकीचं पान आहे. ऑपरेशनआधीची मापं: मानेपासून कंबरेपर्यंत मागची उंची 14 इंच, सलवार 37 इंच. दोन महिन्यांनी नवीन युनिफॉर्मसाठी घेतलेली मापं: मागची उंची 15 इंच, सलवार 37 इंच. पाय जिथल्या तिथे. सगळी वाढ त्या एका इंचात, पाठीत. खांद्याचं माप पूर्वी मला दोन्ही बाजूंचं वेगळं लिहावं लागायचं. ह्या वेळी एकदाच लिहिलं. बरगड्यांचं टेकाड पूर्ण गेलेलं नाही, उजव्या बाजूला अजून थोडं आहे, म्हणून पाठीच्या तुकड्यात उजवीकडे बोटभर सैल ठेवते.

पंधराव्या वाढदिवसाला तिला चौकटीशी उभी केली. तिची पाठ आता टेकताना वरपासून खालपर्यंत एकदम टेकते. पूर्वी उजवा फरा आधी लागायचा आणि ती थोडी तिरकी उभी राहायची. फूटपट्टी आडवी धरली, रेघ मारली, 155.3. खालच्या दोन रेघांच्या मधे कागदही मावत नाही म्हटलं तरी चालेल, आणि वरच्या रेघेला दोन बोटं जागा. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, तारीख स्वतः लिहिली आणि म्हणाली, "आता तू उभी राहा, आई."